खोडरबरने पडलेलं भोक

सहावीच्या वह्या तपासत बसले होते, रविवारची दुपार, बाहेर उकाडा आणि आत पंख्याचा तो एकसुरी आवाज, आणि एका वहीच्या पानावर बोट अडकलं. पानाला भोक पडलं होतं. फाटलेलं नाही, खोडून खोडून पडलेलं. खोडरबरचा काळपट चुरा अजून शिवणीत अडकलेला होता. भोकाच्या वर मी आखायला सांगितलेले तीन रकाने, "काय होईल असं वाटतं", "कशावरून", "पुढे काय झालं", आणि पहिल्या रकान्यात व्यवस्थित अक्षरात "आजी". बाकीच्यांनी लिहिलेलं तेच. पण खालच्या पानावर पेन्सिलचा दाब उमटला होता. वही खिडकीकडे तिरकी धरली तेव्हा वाचता आलं. आधी तिथे "कुत्रा" लिहिलेलं होतं.

मला तो क्षण लगेच आठवला. म्हणजे आठवला असं पण नाही, तो गेले चार दिवस कुठेतरी खुपतच होता, फक्त काय खुपतंय ते कळत नव्हतं.

झालं होतं असं. गोष्ट वाचताना पुढचा अंदाज बांधायचा आणि स्वतःचे प्रश्न स्वतः काढायचे, हे मुलांना शिकवायचं म्हणून मी एक छोटी गोष्ट लिहून काढली होती. पुस्तकातला धडा मुद्दाम घेतला नाही, कारण पुस्तकं जूनमध्ये हातात पडली की निम्मी मुलं पहिल्या आठवड्यातच सगळ्या गोष्टी वाचून टाकतात (आणि ते चांगलंच आहे, मी पण तेच करायचे), मग त्याच गोष्टीवर "पुढे काय होईल सांगा" म्हणायला काही अर्थ राहत नाही, मुलं अंदाज सांगत नाहीत, आठवलेलं सांगतात. म्हणून स्वतःची गोष्ट. जेमतेम एक पान. 'दोन डबे' असं नाव. ती मी झेरॉक्स काढून कात्रीने चार पट्ट्यांत कापली, चौतीस मुलं गुणिले चार, आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर नुसत्या पट्ट्याच पट्ट्या. एक पट्टी वाचून झाल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. अख्खं पान दिलं तर डोळे शेवटच्या ओळीवर जातातच, मोठ्यांचे पण जातात.

पहिली पट्टी अशी होती. रोज सकाळी आई माझ्या दप्तरात दोन डबे ठेवायची. मोठ्या डब्यात चपाती-भाजी. छोट्यात दुधात कुस्करलेली भाकरी, वर चिमूटभर साखर. "छोट्याचं झाकण बघ नीट लागलंय का," ती म्हणायची. मग मी निघायचो, पण डांबरी रस्त्याने नाही, कॅनॉलच्या कडेकडेने.

इथे थांबायचं आणि विचारायचं की छोटा डबा कुणासाठी.

हा थांबा मी कुठे घ्यायचा यावर बराच वेळ घालवला होता. कारण पहिल्यांदा हे करून बघितलं त्या वर्षी मी एका दोन पानी गोष्टीत नऊ वेळा थांबले होते, आणि सहाव्या थांब्याला एक मुलगी काकुळतीला येऊन म्हणाली, मॅडम एकदा सलग वाचून द्या ना. तिचं बरोबर होतं. गोष्टीचा जीव जातो तेवढ्याने. आणि थांबायचं कुठे हे पण तेव्हा कळत नव्हतं, मी आपली "त्याने दार उघडलं आणि..." असल्या जागी थांबायचे. ऐकायला थरारक वाटतं पण त्या जागी मुलाच्या हातात काहीच नसतं. दारामागे वाघ असेल, पोलीस असेल, भूत असेल, काहीही म्हणा. तो अंदाज नाही, ती सोडत झाली. थांबायची जागा ती, जिथे खुणा पेरून झाल्यात पण उलगडा झालेला नाही. इथे खूण होती कुस्करलेली भाकरी. ज्याला चावता येत नाही त्याच्यासाठी भाकरी कुस्करतात, हे आमच्याकडच्या पोराला सांगावं लागत नाही.

असं मला वाटत होतं तरी.

तर मी विचारलं, छोटा डबा कुणासाठी असेल रे. चार-पाच हात वर. पहिला हात या मुलाचा. एरवी हात वर न करणारा, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसणारा. तो म्हणाला, "कुत्र्याला." दोघं-तिघं हसले. मी काय केलं? मी "बरं" म्हटलं. आणि लगेच, "अजून कोण सांगेल?" मग एका मुलीने सांगितलं की कुणीतरी म्हातारं माणूस असेल, आजी असेल, आणि मला अजून आठवतंय, मी एकदम पुढे झाले, आवाज चढला, "का गं? कशावरून वाटलं?" ती म्हणाली दात नसतील ना. "वा! कुठल्या ओळीत मिळालं तुला हे?" तिने ओळ वाचून दाखवली, सगळ्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली, मला आत कुठेतरी समाधान वाटलं की चला, जमलं.

रविवारी त्या भोकावर बोट ठेवून बसले तेव्हा बाकीच्या वह्या परत उघडल्या. चौतीसपैकी सव्वीस जणांनी पहिल्याच रकान्यात "आजी" लिहिलेलं. आणि "कशावरून" मध्ये बहुतेकांचं एकच वाक्य, "तिला दात नसतील." त्या मुलीच्या तोंडचं, शब्दही तेच. म्हणजे मुलांनी अंदाज बांधलाच नव्हता. मुलांनी पट्टी वाचली नाही, माझा चेहरा वाचला. "बरं, अजून कोण सांगेल" म्हणजे चूक, "का गं, कशावरून" म्हणजे बरोबर, हे शाळेत सहा वर्षं काढलेल्या कुठल्याही मुलाला कळतं. मी कारण फक्त तिलाच विचारलं. त्याला नाही. आणि गंमत बघा, गंमत नाही खरं तर, वाईटच वाटतं, दोघांनी खूण एकच वापरली होती. कुस्करलेली भाकरी.

रसेल स्टॉफर म्हणून एक अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होते, थांबत थांबत अंदाज बांधत वाचायची ही पद्धत त्यांची, १९६९च्या सुमारास त्यांनी ती मांडली. बी.एड.ला असताना आम्ही ती पाठ केली होती. त्यात शिक्षकाने विचारायचे प्रश्न मोजून तीन. तुला काय वाटतं? तसं का वाटतं? आणि मजकुरातून दाखवशील का? मी ते तिन्ही विचारले होते. फक्त ज्याचं उत्तर मला हवं होतं त्यालाच विचारले. चुकलेल्याला पहिल्या प्रश्नावरच सोडून दिलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला हाक मारली. वही बघून तो घाबरला, पान फाटलं म्हणून मी ओरडणार असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, तू आधी कुत्रा लिहिलं होतंस ना, का रे वाटलं तुला तसं? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आमचं कुत्रं म्हातारं झालंय. दात पडलेत त्याचे. आई त्याला दुधातच कुस्करून घालती." मग जरा थांबून, "आणि कॅनॉलकडंच असतंय ते, मळ्यात."

मला काही बोलताच आलं नाही. दात नाहीत हे त्याने ओळखलं होतं. कॅनॉलची वाट का, याचंही कारण त्याच्याकडे होतं, जे त्या मुलीकडे नव्हतं, कुणाकडेच नव्हतं. चौतीस अंदाजांमध्ये सगळ्यात जास्त खुणा वापरलेला अंदाज त्याचा होता आणि तो त्याने कागद फाटेपर्यंत खोडला. मी नुसतं "कशावरून?" विचारलं असतं तर वर्गात केवढं बोलणं झालं असतं. कुणीतरी म्हटलं असतं, पण साखर? कुत्र्याला साखर कशाला? मी ती चिमूटभर साखर त्याच्यासाठीच तर टाकली होती, जनावर की माणूस हे ठरवायला, आणि त्या साखरेपर्यंत आम्ही पोचलोच नाही, कारण बरोबर उत्तर आधीच मिळालं होतं ना.

आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतंच. धडा बाई वाचायच्या, आम्ही बोट फिरवायचो, मग खालचा स्वाध्याय. एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले. प्रश्न छापलेले, उत्तरं गाईडात. मला त्या धड्यांबद्दल राग नाही, उलट त्या पुस्तकांचा वास आठवला तरी बरं वाटतं. पण एक आठवतं, माझे वडील रात्री कंदिलाशी वर्तमानपत्र वाचताना मध्येच थांबून स्वतःशीच "हा आता पलटणार बघ" असं म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी अंक आला की आधी तेवढं बघायचे. पलटला नाही तर "छ्या" म्हणून मान हलवायचे आणि परत मागचा अंक काढून वाचायचे, आपण कुठे चुकलो ते बघायला. आम्हाला ते वेड वाटायचं. आता वाटतं की ते मान हलवून मागचा अंक काढणं, तेच मला वर्गात हवंय. अंदाज बरोबर येणं नकोच आहे मला. चुकल्यावर मागे जाऊन "मला इथे काय दिसलं नाही" हे शोधणं हवंय. तिसरा रकाना त्याच्यासाठीच होता. आणि मी पेन्सिलने लिहायला सांगून तो रकाना स्वतःच मारून टाकला होता. पेन्सिल म्हणजे खोडरबर आलंच.

तर दुसऱ्या तुकडीला मी तीच गोष्ट घेतली, काही गोष्टी बदलून. लिहायचं पेनानेच. बदलावंसं वाटलं तर आधीच्यावर एक आडवी रेघ, खाली नवीन, आणि बाजूला कुठल्या ओळीमुळे बदललं ते. कुणी तोंड उघडायच्या आधी दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, म्हणजे पहिल्या हुशार उत्तराच्या मागे अख्खा वर्ग जात नाही. आणि मी स्वतःला एकच नियम घातला, उत्तर कसलंही येवो, माझं पुढचं वाक्य एकच, "कशावरून?" त्याच आवाजात. हे अवघड आहे हो. चेहरा आवरत नाही. बरोबर उत्तराला भुवया वर जातातच, म्हणून मी सरळ फळ्याकडे तोंड करून सगळ्यांचे अंदाज लिहून घ्यायला लागले. फळ्यावर आलं, भाऊ जो आजारी आहे (कशावरून, आम्हाला ताप आला की दूध-भाकरी देतात), शेतातला गडी, तान्हं बाळ, आजोबा, मांजर, कुत्रा.

दोन मुलांचा "कशावरून" रकाना कोराच होता. एरवी मी लक्ष दिलं नाही म्हणून रागावले असते. जवळ जाऊन बसले तर कळलं, कुस्करणे हा शब्दच त्यांना माहीत नव्हता. घरी वेगळी भाषा बोलतात, या वर्षीच इकडे आलीयेत. मी हाताने भाकरी कुस्करल्यासारखं करून दाखवलं तेव्हा एकाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला आणि तो त्यांच्या भाषेतला शब्द म्हणाला, आणि लगेच पेन चालायला लागला. म्हणजे विचार करता येत नव्हता असं नाही, एक शब्द अडला होता. मी पेरलेली खूण आमच्याकडच्या पोराला कळते हे खरं, पण वर्गात सगळीच आमच्याकडची नसतात. तेव्हापासून पट्ट्या द्यायच्या आधी एवढं बघते की ज्या शब्दावर अख्खा अंदाज टेकलाय तो शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे का. त्याचा अर्थ मात्र गोष्टीबाहेर सांगते, नाहीतर खूण उघडी पडते.

दुसरी पट्टी. शाळेत मधल्या सुट्टीत मुलगा मोठाच डबा खातो. छोटा दप्तरातून निघतच नाही, तो आधीच रिकामा असतो. संध्याकाळी बाबांच्या मोटरसायकलचा आवाज यायच्या आत आई तो घासते आणि फडताळात डाळींच्या डब्यांमागे ठेवते. तिसरी पट्टी. तीन दिवस पाऊस, कॅनॉल तुडुंब, मुलगा डांबरी रस्त्याने जातो. छोटा डबा भरलेलाच परत येतो. आई तो हातात घेते, वजन कळतं, काहीच बोलत नाही, नुसती दारातून पाण्याकडे बघत राहते.

इथे प्रश्नांचा तास. पहिल्यांदा मी नुसतं म्हटलं होतं, या गोष्टीवर प्रत्येकी दोन प्रश्न काढा, आणि आले ते सगळे स्वाध्यायातले. मुलगा शाळेत कोणत्या रस्त्याने गेला? किती दिवस पाऊस पडला? डबा कुठे ठेवला होता? प्रश्नचिन्हासकट अगदी व्यवस्थित. मुलांचा दोष नाही, प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं असंच त्यांनी आजवर बघितलंय. शिक्षकच तसं विचारतात. टॅफी राफेल या बाईंनी प्रश्नांची चार घरं सांगितलीयेत, उत्तर कुठे मिळतं त्यावरून. काहींचं त्याच ओळीत सापडतं, काहींचं दोन-तीन ठिकाणचं जोडून, काहींना लेखकाने सांगितलेलं आणि आपल्याला माहीत असलेलं एकत्र करावं लागतं, आणि काहींचं फक्त आपल्या मनात. मुलांना मी ही नावं सांगितली नाहीत, चारच्या चार एकदम दिली की पोरं प्रश्न सोडून घरंच पाठ करतात. मी एवढंच म्हटलं, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे तो प्रश्न आज चालणार नाही.

वर्ग एकदम चिडीचूप.

मग मीच सुरुवात केली. पट्टी मोठ्याने वाचत गेले आणि जिथे मला खरंच अडलं तिथे थांबून मोठ्याने म्हटलं, "थांबा हं, आवाज यायच्या आत घासते? हे यायच्या आतचं काय प्रकरण आहे?" आणि उत्तर न देता पुढे गेले. सातवीच्या ज्या मुलांना घडाघडा वाचता येतं पण वाचलेलं कळत नाही अशांवर पॅलिन्क्सर आणि ब्राउन या दोघींनी १९८४मध्ये काम केलं होतं, त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच, आधी शिक्षकाने स्वतःचं अडणं मुलांसमोर उघडं करायचं, मग हळूहळू ती जागा मुलांकडे सोपवायची, आज तू बाई हो आणि आम्हाला विचार. नुसतं "प्रश्न विचारा" असं सांगून प्रश्न येत नाहीत, अडणं कसं दिसतं ते आधी दिसावं लागतं.

आमच्याकडे तशीच एक मुलगी आहे, वर्गात सगळ्यात छान वाचणारी, पाहुणे आले की तिलाच उभं करतात. तिने वहीत एकही प्रश्न लिहिला नव्हता. मला सगळं कळलं मॅडम, म्हणाली. मी नुसतं विचारलं, बाबांना माहिती आहे का गं हे? ती "हो" म्हणायला गेली आणि थांबली. दुसरी पट्टी उलटी करून परत काढली. डाळींच्या डब्यांमागे, यावर बोट ठेवलं. मग तिसरी. मग परत दुसरी. ते मागे-पुढे होणारं बोट बघताना मला जे वाटलं ते कुठल्या स्पर्धेच्या निकालाने वाटलेलं नाही. पाच मिनिटांनी तिच्या वहीत एक ओळ होती, "आई बाबांपासून लपवते तर मुलगा पण लपवतो का, की त्याला माहीतच नाही की हे लपवायचं आहे?"

याचं उत्तर मला पण माहीत नव्हतं. गोष्ट मी लिहिलेली, तरी.

चौथी पट्टी. संध्याकाळी पाऊस असतानाच आई डोक्यावर पोतं घेते, छोटा डबा पदराखाली धरते आणि निघते. बाबा ओट्यावर. "एवढ्या पावसात कुठं?" ती म्हणते, "तुमच्या आईकडं." बाबा काही बोलत नाहीत. उठतात आणि खुंटीवरची बॅटरी काढतात. संपली गोष्ट.

बॅटरी आईला द्यायला काढली की स्वतः बरोबर जायला, यावर तास संपल्याची घंटा झाली तरी भांडण चालू होतं, डबा खायला कुणी उठेना. मग सगळ्या चार पट्ट्या जोडून एकदा सलग वाचली, न थांबता, एकही प्रश्न न विचारता. ते राहूच नये. नाहीतर मुलांच्या लक्षात थांबेच राहतात, गोष्ट राहत नाही.

दोन तास गेले एका पानाला. पाठ्यक्रम मागे पडतो, ते खरंय, आणि चाचणीत प्रश्न येणार ते डबा कुठे ठेवला होता असलेच, तेही खरंय. दर गोष्टीला हे करता येत नाही. महिन्यातून एक जमते, बाकी धडे मी पण सरळच घेते, फक्त मध्ये एखाद्या जागी "कशावरून?" टाकते. मला अजून नीट कळत नाही की एवढ्याने किती पुरतं. कधी वाटतं पुरत असेल, कधी रात्री पट्ट्या कापताना वाटतं आपण उगीच करतोय.

त्या भोकाच्या पानाला मी मागून कोरा कागद चिकटवून वही त्याला परत दिली होती. काही सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात वह्या परत आल्या तेव्हा आधी तेच पान काढलं. चिकटवलेल्या कागदावर, भोकातून दिसेल एवढ्याच जागेत, निळ्या पेनाने लिहिलं होतं, कुत्रा. "कशावरून" मध्ये, दात नाहीत आणि कॅनॉल. आणि तिसऱ्या रकान्यात, "आजी निघाली. साखरेमुळे कळायला पाहिजे होतं." त्याखाली बारीक अक्षरात अजून एक ओळ, "पण आजीला साखर आवडते हे आईला कोणी सांगितलं, त्या बोलत असतील का?"

मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायला पेन टेकवलं होतं. मग पेन उचललं आणि खाली लिहिलं, कशावरून?